हाताला कळेल असे घोषवाक्य: गॅस सिलिंडरच्या सुरक्षेच्या ओळी कशा घडतात

स्वयंपाकघरात लावण्यासाठी म्हणून जी सुरक्षेची घोषवाक्ये लिहिली जातात, त्यांपैकी बरीचशी ‘गॅस जपून वापरा, कुटुंब सुरक्षित ठेवा’ या वळणाची असतात. वाचायला ती चांगली वाटतात आणि त्यांत चुकीचेही काही नसते. पण गॅसचा वास आल्यावर पहिल्या दहा सेकंदांत उजवा हात कुठे न्यायचा आणि कुठे न्यायचा नाही, हे त्यांतून कळत नाही. घोषवाक्याची खरी परीक्षा त्या दहा सेकंदांतच होते, कारण तेव्हा माणूस विचार करून वागत नाही, सवयीने वागतो. म्हणून घरच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेल्या ओळीने सवयीचा हात अडवायला हवा आणि त्याला दुसरे काम द्यायला हवे. या लेखात मुख्यतः गॅसगळतीच्या प्रसंगासाठी एक चार ओळींचे घोषवाक्य घडवून पाहू आणि त्यातला प्रत्येक शब्द का निवडला, ते समजून घेऊ.

सुरुवात प्रसंगापासून करू. रात्री शेगडीची एक कळ नीट मिटलेली नाही, रेग्युलेटरही चालूच राहिला आहे आणि खिडक्या लावलेल्या आहेत. पहाटे कोणीतरी चहासाठी उठते, अंधारात स्वयंपाकघराच्या दारापाशी येते आणि आत पाऊल टाकण्याआधीच चौकटीजवळच्या दिव्याच्या बटणाकडे हात जातो. वास नाकाला जाणवतो त्याच क्षणी बोट बटणावर असते. हे बटण दाबताना त्याच्या आत एक बारीक ठिणगी पडते. ती आपल्याला दिसत नाही, रोज पडत असते आणि रोज निरुपद्रवी असते. मात्र आसपास पेटण्याजोगे मिश्रण तयार झालेले असेल तर तेवढी ठिणगी पुरते. दिवा लावताना ठिणगी पडते तशीच ती मालवतानाही पडते, आणि हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. वास आला म्हणून चालू असलेला पंखा घाईने बंद करणे हे त्यामुळेच मदतीचे नव्हे, तर धोक्याचे पाऊल ठरते. फ्रिजच्या प्लगचेही तसेच आहे: तो ओढून काढू नये. वीज तोडायचीच असेल तर मुख्य स्विच घराबाहेर, वास पोहोचत नाही अशा जागी असेल, तरच तोडावी.

तेव्हा घोषवाक्याची सुरुवात ‘रेग्युलेटर बंद करा’ अशी करून चालणार नाही, कारण रेग्युलेटरपर्यंत पोहोचण्याआधीच हात बटणावर गेलेला असतो. पहिली ओळ थांबवणारी हवी.

येथे शब्दांचा एक गुंता सोडवून घ्यावा लागतो. पुष्कळ घरांत दिव्याच्या स्विचला ‘बटण’ म्हणतात आणि शेगडीच्या फिरवायच्या नॉबलाही ‘बटण’च म्हणतात. अशा घरात ‘वास आला की बटण बंद करा’ अशी ओळ लावली, तर ती वाचून कोणी शेगडीकडे जाईल आणि कोणी भिंतीकडे. एकच सूचना एकीला वाचवणारी आणि दुसरीला घातक ठरावी, यापेक्षा वाईट घोषवाक्य कोणते असणार? म्हणून या लेखातल्या सगळ्या ओळींत एक नियम पाळला आहे: जिथे वीज आहे ते ‘बटण’ आणि जिथे गॅस आहे ती ‘कळ’. घरात दुसरे शब्द रुळलेले असतील तर तेच घ्यावेत. फक्त विजेचा आणि गॅसचा शब्द एक असू नये.

आता घोषवाक्य पाहू.

वास आला? हात आवर.
दिवा तसाच, काडी दूर.
रेग्युलेटर बंद, उघड दार.
फोन कर तो घराबाहेर.

चारही ओळी ‘र’वर संपतात. त्यामुळे एक ओळ आठवली की पुढची ओढली जाते, आणि एखादी सुटली तर कानाला खटकते. हे यमक केवळ शोभेसाठी नाही. घाबरलेल्या माणसाला क्रम आठवून देणारी ती खूण आहे. ओळींत ‘आवर’, ‘उघड’, ‘कर’ अशी एकेरी आज्ञा आहे, ‘आवरा’, ‘उघडा’ अशी नाही. कोणाचा मान कमी करण्याचा यात हेतू नाही. ही ओळ दुसऱ्याला सांगायची नसून आपणच आपल्याशी म्हणायची आहे, आणि स्वतःशी बोलताना आपण स्वतःला ‘अहो’ म्हणत नाही. ज्यांना हे रुचणार नाही त्यांनी ‘आवरा’, ‘उघडा’ असे जरूर करावे. मात्र यमक थोडे ढिले पडेल.

दुसऱ्या ओळीत ‘दिवा बंद ठेव’ न म्हणता ‘दिवा तसाच’ म्हटले आहे, याचे कारण वर येऊनच गेले. दिवा चालू असेल तर चालू राहू द्यावा आणि बंद असेल तर बंदच राहू द्यावा. ‘बंद ठेव’ असे लिहिले असते तर चालू दिवा मालवण्यासाठी हात गेला असता. ‘काडी’ या शब्दात आगपेटी, लायटर, मेणबत्ती, देवापुढची समई आणि पेटती उदबत्ती हे सगळे गृहीत आहे. त्यांची यादी घोषवाक्यात कोंबली असती तर ती कोणाच्याच लक्षात राहिली नसती. घरातल्यांना एकदा समजावून सांगताना मात्र यादी पूर्ण सांगावी. धूर बाहेर फेकणारा पंखा म्हणजे एक्झॉस्टही यातच मोजावा. गॅस बाहेर काढण्यासाठी तो लावावा असे वाटणे अगदी साहजिक आहे, पण त्याचे बटण आणि त्याची मोटर ही दोन्ही ठिणगीची ठिकाणे आहेत.

तिसरी ओळ समजण्यासाठी गॅसचा स्वभाव थोडा जाणून घ्यावा लागतो. सिलिंडरमधला गॅस हा मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असतो. दाबाखाली तो आत द्रवरूपात राहतो आणि बाहेर पडला की वायू होतो. एक लिटर द्रवापासून साधारण अडीचशे लिटर वायू तयार होतो. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड आहे. म्हणून तो छताकडे न जाता सांडलेल्या पाण्यासारखा खाली उतरतो, ओट्याखालच्या कपाटात शिरतो, फरशीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचून राहतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांपासून नऊ-दहा टक्क्यांपर्यंत असेल तर ते मिश्रण पेटू शकते. दोन टक्के ही किती लहान मात्रा आहे, ते एका हिशेबाने पाहू.

तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद स्वयंपाकघर धरा. गॅस खाली साचतो, म्हणून फरशीपासून गुडघ्याच्या खालपर्यंतचा, म्हणजे तीस सेंटिमीटर उंचीचाच थर विचारात घेऊ. त्या थराचे आकारमान २,७०० लिटर होते आणि त्याचे दोन टक्के म्हणजे ५४ लिटर वायू. एका लिटर द्रवापासून अडीचशे लिटर वायू, या हिशेबाने ५४ लिटर वायूला लागणारा द्रव जेमतेम एक पेलाभर भरतो आणि त्याचे वजन सव्वाशे ग्रॅमच्याही आत असते. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण उघडा असेल तर तासाला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस घेतो. म्हणजे न पेटवता उघडी राहिलेली एकच कळ बंद खोलीत पाऊण तासाच्या आत-बाहेर एवढा गॅस सोडू शकते. हा आकडा ‘पाऊण तासापर्यंत धोका नाही’ असा मात्र वाचू नये, कारण गॅस सगळीकडे सारखा मिसळत नाही. बर्नरजवळ आणि ओट्याखाली पेटण्याजोगे मिश्रण त्याच्या कितीतरी आधी तयार झालेले असू शकते.

यावरून तिसऱ्या ओळीत ‘खिडकी’ऐवजी ‘दार’ का, हे स्पष्ट होते. खिडकी छातीच्या उंचीवर असते आणि गॅस असतो पायांशी. खिडक्या उघडाव्यातच, वारा खेळता झाला तर गॅस विरळ होतो. पण फरशीपर्यंत खुले होणारे दार, विशेषतः बाहेर किंवा मोकळ्या गच्चीकडे उघडणारे दार, खालच्या थराला वाट करून देते. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती दार असावी.

याच ओळीत घोषवाक्याची मर्यादाही आहे. ‘रेग्युलेटर बंद’ हे काम सिलिंडरपाशी जाऊन करायचे असते आणि गॅस सर्वात दाट असतो तो तिथेच. वास हलका असेल, तो नुकताच येऊ लागला असेल आणि सिलिंडर दोन पावलांवर असेल, तर आधी रेग्युलेटरची कळ मिटावी, शेगडीच्या कळा तपासाव्या आणि दारे उघडावीत. पण घर रात्रभर बंद राहिले असेल, वास बाहेरच्या दारापर्यंत उग्र येत असेल किंवा सिलिंडरकडून सूं-सूं असा आवाज ऐकू येत असेल, तर आत शिरू नये. उघडता येईल ते दार उघडून सगळ्यांना घेऊन बाहेर पडावे. कळ मिटल्यावरही आवाज थांबला नाही तर गळती रेग्युलेटरच्या आधीच्या भागात, म्हणजे सिलिंडरच्या झडपेत किंवा तिच्यातल्या रबरी कडीत असते. अशा वेळी रेग्युलेटर काढून झडपेवर टोपण बसवणे हा उपाय आहे खरा, पण टोपण हाताशी असेल आणि ते बसवण्याचा सराव असेल त्यानेच तो करावा. इतके बारकावे चार ओळींत मावत नाहीत आणि ते माववण्याचा प्रयत्नही करू नये. ते घरात एकदा बसून, शांतपणे बोलून ठेवायचे असतात.

चौथ्या ओळीबद्दल एक खुलासा. मोबाइलमुळे स्फोट होतो असे नेहमी सांगितले जाते. माझ्या मते आतून फोन करू नये याचे मोठे कारण वेळ हे आहे. फोन लावणे, पलीकडच्याने उचलणे, पत्ता सांगणे यात काही मिनिटे जातात आणि तेवढा वेळ माणूस गॅस साचलेल्या खोलीत उभा राहतो. गळतीसाठीचा आपत्कालीन क्रमांक आणि वितरकाचा क्रमांक फोनमध्ये आधीच साठवलेला असावा. तो फक्त सिलिंडरच्या पावतीवर असेल तर पावती शोधायला पुन्हा आत जावे लागते.

या सगळ्याचा आरंभ ‘वास आला?’ या प्रश्नाने होतो, तेव्हा वासाविषयीही दोन शब्द हवेत. हा गॅस मुळात जवळजवळ गंधहीन असतो. त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात, आणि तेही अशा बेताने की पेटण्याजोग्या मात्रेच्या साधारण एक पंचमांश गॅस हवेत आला की सामान्य नाकाला तो जाणवावा. म्हणजे वास ही बरीच आधी मिळणारी सूचना आहे. पण नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावते. मग ‘मघाशी येत होता, आता येत नाही’ असे वाटू लागते, आणि प्रत्यक्षात गॅस वाढतच असतो. सर्दी झालेल्यांना आणि वयामुळे घ्राणशक्ती मंदावलेल्यांना तर तो उशिराच कळतो. म्हणून वास गेला की नाही, हे नुकत्याच बाहेरून आलेल्या माणसाच्या नाकावरून ठरवावे. घरात वयस्कर व्यक्ती एकटी स्वयंपाक करत असेल तर गॅस ओळखून वाजणारे यंत्र बसवणे उत्तम, आणि तेही फरशीजवळ. छताला लावलेले यंत्र या गॅससाठी फारसे कामाचे नाही.

गळती होऊच नये म्हणून रोजच्या दोन सवयी पुरेशा आहेत, आणि त्यांच्या ओळी याहून छोट्या करता येतात. पहिली सवय शेगडी पेटवण्याची.

आधी काडी, मग कळ.

कळ उघडायची, मग लायटर शोधायचा, तो चालत नाही म्हणून झटकायचा आणि तोवर बर्नरमधून गॅस वाहत राहायचा, हा प्रकार इतका रोजचा आहे की तो चुकीचा वाटतच नाही. काडी पेटवून किंवा लायटर बर्नरला टेकवून मगच कळ फिरवली, तर न जळालेला गॅस बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तरीही एखादे वेळी बर्नर पेटत नाही. मग पाच-सहा वेळा लायटर दाबून अखेर एकदम भडका उडतो आणि भुवया किंवा मनगटावरचे केस होरपळतात. त्यासाठी दुसरी जोडओळ आहे.

पेटली नाही? कळ मिट.
थांब पुरते एक मिनिट.

तेवढ्या वेळात बर्नरभोवतीचा गॅस पांगतो. खिडकी बंद असेल तर ती उघडावी आणि जरा अधिक थांबावे. हीच ओळ दूध उतू जाऊन ज्योत विझते तेव्हाही लागू पडते: भांडे उचलण्याआधी कळ मिटायची, ओटा नंतर पुसायचा.

दुसरी सवय रात्रीची आहे.

रात्री दोन्ही कळा मिट,
आधी खालची, वरची नीट.

‘खालची’ म्हणजे रेग्युलेटरची आणि ‘वरची’ म्हणजे शेगडीची. शेवटचे भांडे उतरवण्याआधी, बर्नर जळत असतानाच, खालची कळ मिटली की नळीत उरलेला गॅस काही क्षणांत जळून जातो आणि ज्योत आपोआप विझते. यात एक गोम आहे. ज्योत विझलेली पाहून शेगडी बंद झाली असे वाटते आणि वरची कळ उघडीच राहते. सकाळी कोणी रेग्युलेटर चालू केला की त्या उघड्या कळीतून गॅस मोकळा सुटतो. ओळीतला ‘नीट’ हा शब्द यमकासाठी आला असला तरी तो कामाचा आहे: वरची कळ फिरवून, अडकल्याची जाणीव बोटांना झाल्यावरच सोडायची. सकाळी हाच क्रम उलटा होतो. आधी वरच्या सर्व कळा मिटलेल्या आहेत का ते पाहावे, मग खालची उघडावी.

सिलिंडर बदलल्यावर किंवा नळीविषयी शंका आली तर ‘जिथे फुगा, तिथे गळती’ एवढे पुरे. वाटीत साबणाचे पाणी करून फेस आणावा आणि तो रेग्युलेटरच्या जोडावर, नळीच्या दोन्ही टोकांवर आणि नळीच्या वळणावर बोटाने किंवा कापडाने लावावा. गॅस निसटत असेल तिथे फुगे धरतात आणि वाढत राहतात. नुसता फेस असेल तर तो खाली बसत जातो. काडी पेटवून गळती शोधण्याचा प्रकार अजूनही कुठे कुठे ऐकू येतो, त्याबद्दल अधिक लिहायची गरज नसावी. मांडणीसाठी ‘टाकी उभी, शेगडी वर, नळी राहो नजरेसमोर’ ही ओळ वापरता येईल. सिलिंडर आडवा ठेवला तर वायूऐवजी द्रव बाहेर येऊ शकतो, शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी लागते, आणि कपाटामागून नेलेली नळी कधी तडकली हे कोणालाच दिसत नाही. नळीवर छापलेली मुदतही अशाने वाचली जात नाही.

ओळी तयार झाल्या की त्या कुठे लावायच्या हा प्रश्न उरतो, आणि इथेच बहुतेक घरे चुकतात. सगळी घोषवाक्ये एका रंगीत कागदावर लिहून तो फ्रिजवर चिकटवला जातो. पहाटेच्या अंधारात तो दिसत नाही आणि दिसला तरी सहा ओळींतली नेमकी ओळ सापडत नाही. गळतीच्या चार ओळी स्वयंपाकघराबाहेरच्या दिव्याच्या बटणाशेजारी असाव्यात, कारण हात तिथेच जातो; अंधारात वाचता येणार नसल्या तरी रोज बटण दाबताना त्या डोळ्यांखालून जातात आणि पाठ होतात. ‘आधी काडी, मग कळ’ ही ओळ लायटर ठेवण्याच्या जागी असावी. रात्रीची ओळ शेगडीमागच्या भिंतीवर न लावता ओटा पुसून झाल्यावर फडके वाळत घालतो तिथे लावावी. पांढऱ्यावर काळी, ठळक अक्षरे पुरेत. नक्षी केल्यास अक्षरांकडे लक्ष जात नाही.

ओळ पाठ झाली की नाही हे ती म्हणायला लावून कळत नाही, करायला लावून कळते. रेग्युलेटर बंद असताना घरातल्या एकेकाला स्वयंपाकघराच्या दारात उभे करून ‘वास आला’ एवढेच म्हणावे आणि पाहत राहावे. हात बटणाकडे वळला तर पहिली ओळ अजून मुरलेली नाही. तिसऱ्या ओळीला रेग्युलेटरपाशी जाऊन कळ कोणत्या दिशेला फिरवायची यावर अडखळायला झाले, तर घोषवाक्यात दोष नाही, हाताला सराव नाही. एक-दोनदा प्रत्यक्ष फिरवून घेतले की तो येतो. रेग्युलेटरचा प्रकार बदलला, फिरवण्याच्या कळीऐवजी दाबण्याचा खटका किंवा झडपेचे चाक आले, तर ही तालीम पुन्हा करावी लागते, कारण ओळ तीच राहिली तरी बोटांची हालचाल वेगळी झालेली असते.